डब्यांच्या हिशेबाची शीट: एका गिऱ्हाईकाचं काम टेम्प्लेट म्हणून विकताना

मी पुण्यात छोट्या व्यावसायिकांसाठी गूगल शीट्स बनवून देते. दुकानाचा साठा, क्लासची फी, सोसायटीचा मेंटेनन्स अशी कामं असतात. या कामांच्या जोडीला काही तयार टेम्प्लेट विकते, आणि त्यातलं सगळ्यात जास्त चालणारं आहे मेसवाल्यांसाठीचं डब्यांच्या हिशेबाचं. नवीन मुलं-मुली विचारतात, "गिऱ्हाईकाला करून दिलेली फाइल आहेच, नावं पुसली की झालं ना टेम्प्लेट?" तसं होत नाही. का होत नाही, ते या एका शीटवरून सांगते.

आधी हक्काचा प्रश्न. मूळ शीट एका मेसवाल्या काकूंसाठी केलेली होती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार साधारणपणे काम करणारा हाच पहिला मालक असतो. नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मात्र नोकरी देणाऱ्याचं, आणि मोबदला घेऊन काढलेला फोटो किंवा चित्र अशा काही गोष्टींत ते करून घेणारा मालक ठरतो. फ्रीलान्सरने बनवलेल्या शीटचे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सही केलेला करार लागतो. म्हणून गिऱ्हाईकाने पाठवलेला करार वाचल्याशिवाय सही करू नका. एजन्सीकडून येणाऱ्या कामांत बऱ्याचदा "सर्व हक्क हस्तांतरित" असं वाक्य असतं. तिथे तुमची सूत्रंसुद्धा गेली, ती फाइल विसरा. मी माझ्या कोटेशनमध्येच दोन ओळी घालते: तुमची माहिती आणि आकडे तुमचे, शीटची रचना आणि सूत्रं माझी राहतील आणि मला ती इतरत्र वापरता येतील. फार थोडे जण हरकत घेतात. घेतली, तर त्या कामाचा दर वाढवून सांगते.

कागदावर हक्क असला तरी विचारणं वेगळं. काकू म्हणाल्या, "विक गं, पण माझे मेंबर त्यात दिसायला नकोत. आणि आमच्याच गल्लीत कुणाला आधी देऊ नकोस." दुसरी अट कायद्यात कुठेच बसत नाही, पण मी ती पाळली.

मेंबर दिसू नयेत ही अट वाटते तितकी सोपी नाही. फाइलची 'मेक अ कॉपी' केली की जुन्या बदलांचा इतिहास नव्या प्रतीत येत नाही, एवढं बरं आहे. पण लपवलेले टॅब आणि लपवलेल्या ओळी येतात. ड्रॉपडाउनच्या यादीत टाईप केलेली नावं येतात. 'या नावाची ओळ लाल कर' असा रंगांचा नियम असेल तर त्या नियमात नाव बसलेलं असतं. एखाद्या मेंबरचा फोन नंबर अनोळखी माणसाच्या हातात पडला तर नुकसान काकूंच्या धंद्याचं. त्यामुळे माझा नियम असा: विकायची फाइल कोऱ्या शीटवरून नव्याने बांधायची, जुनी फाइल शेजारच्या खिडकीत फक्त बघायला. वेळ जातो, पण बांधता बांधता पुढचा सगळा विचारही तिथेच होतो.

तो विचार म्हणजे, गिऱ्हाईकाच्या फाइलमध्ये किती गोष्टी माझ्या भरवशावर चालल्या होत्या. अडलं की काकू फोन करायच्या आणि मी दुरुस्त करायचे. टेम्प्लेट विकत घेणाऱ्याला मी मिळणार नाही. म्हणजे जिथे जिथे मी लागत होते, ती प्रत्येक जागा शोधून तिथून स्वतःला बाहेर काढायचं.

पहिली जागा दराची. काकूंच्या शीटमध्ये महिन्याच्या प्रत्येक तारखेला एक रकाना, आणि त्यात तीनपैकी एक खूण: फुल डब्याला "फु", हाफ डब्याला "हा", नाहीतर खाड्याची. बिलाच्या सूत्रात दर थेट लिहिलेला होता:

```
=COUNTIF(D5:AH5,"फु")*80+COUNTIF(D5:AH5,"हा")*50
```

विकत घेणारी बाई सूत्र उघडून ८० चे ९० करणार नाही. मग पहिला सुचणारा उपाय म्हणजे 'सेटिंग' नावाचा वेगळा टॅब, तिथे दर लिहायचा आणि सगळ्या महिन्यांनी तो उचलायचा. बाजारातली कितीतरी टेम्प्लेट असंच करतात. खोट कुठे आहे ते एका मेंबरवर बघा. एप्रिलमध्ये २२ फुल, ३ हाफ, १ खाडा. बिल १७६० अधिक १५०, म्हणजे १९१० रुपये. ते दिलं, पैसे जमा झाले. जूनमध्ये फुल डबा ९० चा झाला, सेटिंगमध्ये ९० टाकले, आणि एप्रिलचं बिल गुपचूप २१३० झालं. आता त्या मेंबरच्या नावावर २२० रुपये बाकी दिसतात, जे त्याने कधीच देणं लागत नव्हते. शीट कुठेही लाल होत नाही, चूक दाखवत नाही. भांडण होतं तेव्हाच कळतं.

म्हणून दर प्रत्येक महिन्याच्या टॅबमध्येच, वरच्या B1 आणि B2 या दोन घरांत ठेवला:

```
=COUNTIF(D5:AH5,"फु")*$B$1+COUNTIF(D5:AH5,"हा")*$B$2
```

नवा महिना सुरू करताना मागच्या टॅबची प्रत काढायची, खुणा पुसायच्या, दर बदलला असेल तर बदलायचा. जुने महिने आपापल्या दराला चिकटून राहतात. तुमच्या कुठल्याही टेम्प्लेटची ही चाचणी आधी घ्या: आजचा दर बदला आणि मागच्या महिन्याची बेरीज हलते का बघा. कोटेशन, फी, भाडं, पगार, सगळीकडे हाच घोटाळा असतो.

दुसरी जागा बटणाची. काकूंच्या फाइलमध्ये अॅप्स स्क्रिप्टचं एक बटण होतं, दाबलं की नवा महिना तयार. फाइलची प्रत काढली की स्क्रिप्टही सोबत जाते, पण पहिल्यांदा चालवताना गूगल परवानगी मागतं, आणि साध्या जीमेल खात्यावर 'गूगलने हे अॅप तपासलेलं नाही' असा इशारा समोर येतो. काकूंच्या शेजारी बसून मी तो पार करून दिला होता. अनोळखी गिऱ्हाईक तिथे घाबरतं, आणि घाबरणं बरोबरच आहे. बटण काढून टाकलं. टॅबची प्रत काढणं हे चार क्लिकचं काम आहे, ते लोक शिकतात.

तिसरी जागा मोबाइल. हे मला ओळखीच्या दोन मेसवाल्यांना शीट फुकट देऊन, शेजारी गप्प बसून बघितल्यावर कळलं. गप्प बसणं महत्त्वाचं. तोंड उघडलंत की परत तुम्ही फाइलचा भाग झालात. दोघीही खुणा फोनवरच करत होत्या, डबे भरता भरता. मी नाव, फोन आणि मागची बाकी असे तीन रकाने गोठवून ठेवले होते. लॅपटॉपवर छान दिसायचं, फोनवर मात्र तारखांना जागाच उरत नव्हती. आता फक्त नावाचा रकाना गोठवलेला असतो.

त्याच दोघींमुळे आणखी एक गोष्ट ठरली. एकीकडे डब्यागणिक पैसे, दुसरीकडे महिन्याची ठोक रक्कम आणि त्यातून खाडे वजा, तेही सलग तीन दिवस असतील तरच. दोन्ही पद्धती एका शीटमध्ये घालता येतात, पण मग सूत्र लांबतं, सूचना लांबतात, आणि दोन्ही प्रकारच्या लोकांना निम्मी शीट नको असलेली मिळते. मी फक्त डब्यागणिक हिशेब ठेवला आणि विक्रीच्या वर्णनात पहिल्याच ओळीत लिहिलं: ठोक महिन्याच्या मेससाठी ही शीट नाही. दोन वेळचा मेंबर असेल तर त्याला सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन ओळी द्यायच्या, हेही तिथेच. काही विक्री गेली असेल. पैसे परत मागणारे मात्र नगण्य आहेत.

देण्याची पद्धत सोपी आहे. शीटच्या दुव्याच्या शेवटी `/edit` पासून पुढचं काढून `/copy` लिहायचं आणि शेअरिंग 'दुवा असलेला कुणीही, फक्त बघू शकतो' असं ठेवायचं. गिऱ्हाईकाला थेट 'प्रत काढा' असं पान दिसतं. शेअरिंग बंद राहिलं तर रात्री अकराला परवानगीच्या विनंत्या येत बसतात. फोनवर दुवा कधी कधी शीट्सच्या अॅपमध्ये उघडतो आणि प्रतीचं पान येत नाही, म्हणून पहिली प्रत ब्राउझरमध्ये काढा असं सूचनेत लिहा. हा दुवा कुणी पुढे पाठवला तर तुम्ही काही करू शकत नाही. सूत्रांना कुलूप लावूनही उपयोग नाही, कारण प्रतीचा मालक तोच असतो आणि त्याला ते उघडता येतं. मी कुलपाऐवजी 'इथे बदल करताय, नक्की?' एवढा इशारा ठेवते, तोही चुकून सूत्र पुसलं जाऊ नये म्हणून.

किंमत ४९९ रुपये. भारतातल्या पेमेंट गेटवेचा नेहमीचा दर २ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी असा धरला तर साधारण १२ रुपये जातात, ४८७ हातात येतात. परदेशी गिऱ्हाईकासाठी गमरोडसारखी जागा बघाल तर तिथे थेट विक्रीवर १० टक्के आणि वर ५० सेंट आहेत. दोन डॉलरच्या वस्तूत किमान ७० सेंट तिथेच संपतात, त्यामुळे स्वस्त वस्तू तिथे ठेवू नये.

खरा खर्च कमिशनचा नाही, फोनचा आहे. माझा गिऱ्हाईकाच्या कामाचा दर तासाला ८०० रुपये. ४९९ ची शीट घेणाऱ्याशी चाळीस मिनिटं बोलले तर ५३३ रुपयांचा वेळ गेला, म्हणजे मी खिशातून पैसे घातले. म्हणून शीटमध्ये खोट्या नावांनी भरलेला एक नमुना महिना, एक पानी मराठी पीडीएफ, आणि नवा महिना कसा सुरू करायचा त्याचं छोटं स्क्रीन रेकॉर्डिंग असतं. कुणी एखादा प्रश्न विचारला की त्याचं उत्तर त्या पानावर चढतं. तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला तर पान नाही, शीट बदलते.

कराचं थोडक्यात: हे उत्पन्न वेगळं पाकीट नाही, तुमच्या कामाच्या उत्पन्नातच मिळतं. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची २० लाखांची मर्यादा मोजतानाही दोन्हीची बेरीज धरायची. बाकीचं सीएला विचारा.

आणि महिन्याला घरभाडं निघेल अशी कमाई यातून होते का? माझी होत नाही. मेसचे हंगाम असतात. जून-जुलैत कॉलेजं सुरू होताना विक्री वाढते, मेमध्ये जवळजवळ थांबते. पण ही शीट घेतलेल्यांपैकी काही जण नंतर म्हणतात, "ताई, आमचं ठोक महिन्याचं आहे, त्यात बदलून द्याल का?" ते काम मी तासाच्या दराने घेते, आणि त्याच्या कोटेशनमध्येही त्या दोन ओळी असतात.