पीएस५चे अपडेट रात्रीवर ढकलले, त्याची गोष्ट

माझ्याकडे सिमवर चालणारा ४जी राउटर आहे. रोज २ जीबी, पण रात्री १२ ते सकाळी ६ डेटा मोजत नाहीत. पीएस५ मात्र भरदुपारी अपडेट ओढायचा आणि संध्याकाळी घरात कुणाचा व्हिडिओ कॉलही लागायचा नाही.

कन्सोलमध्ये 'अमुक वाजता डाउनलोड कर' असा पर्यायच नाही. म्हणून वेळेचे काम राउटरवर टाकले. पीएस५चा मॅक अॅड्रेस देऊन सकाळी ६ ते रात्री १२ इंटरनेट बंद केले. कन्सोलमध्ये रेस्ट मोडसाठीचे `Stay Connected to the Internet` आणि `Auto-Download` चालू ठेवले. झोपताना पीएस५ रेस्ट मोडमध्ये टाकायचा, की झाले.

असे वाटले! दुसऱ्या दिवशी साडेसातलाच २ जीबी संपल्याचा मेसेज.

राउटरचे घड्याळ यूटीसीवर होते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्याची 'रात्री १२ ते ६' म्हणजे आपली पहाटे ५:३० ते ११:३०! फुकटचा अर्धा तासच मिळाला. टाइम झोन `GMT+05:30` केला आणि सुरुवात १२ ऐवजी १२:१० केली, कारण कंपनीच्या आणि माझ्या घड्याळात दोन मिनिटांचा फरक असला तरी डेटा जातो. शेवटही ५:५० ला.

मला रात्री सुमारे २० एमबीपीएस मिळतो, म्हणजे तासाला ९ जीबी. ४० जीबीचे अपडेट साडेचार तासांत उतरते. दिवसा ऑनलाइन खेळता येत नाही, तेवढे सोसतो.