ट्रेडमार्क नाकारलाय असा प्रॉब्लेम आला की या चुका टाळा

आयपीच्या पेपरात हा प्रश्न येतोच. एक मार्क, त्यावर रजिस्ट्रीची दोन ऑब्जेक्शन्स, एक वर्णनात्मक असल्याचं आणि दुसरं आधीच्या मार्कशी गोंधळ होईल असं, आणि शेवटी ‘अर्जदाराला सल्ला द्या’. पोरं कलमं पाठ करून येतात, केसेस पण येतात, आणि तरी मार्क्स जातात कारण प्रश्नातल्या तारखा आणि लेबल कोणी धड वाचतच नाही.

एक बनवलेला प्रश्न घेऊ. रत्नागिरीची एक बाई एप्रिल २०१८ पासून हापूसचा पल्प ‘रसदार’ नावाने विकतेय. जून २०२३ मध्ये तिने क्लास २९ मध्ये अर्ज केला, मार्क इंग्रजी अक्षरांत, साधा वर्डमार्क. एक्झामिनेशन रिपोर्ट आला, ट्रेडमार्क कायद्याचं कलम ९(१)(ब), म्हणजे वर्णनात्मक शब्द, आणि कलम ११(१), म्हणजे आधीच्या मार्कशी गोंधळ. समोर ठेवलेला मार्क आहे ‘रसधारा’, क्लास ३२, फळांचे ज्यूस, अर्ज नोव्हेंबर २०२० चा, तोही ‘प्रपोज्ड टू बी यूज्ड’ म्हणून, आणि आता रजिस्टर झालेला. बाईकडे रत्नागिरी-कोल्हापूरच्या दुकानांची २०१८ पासूनची बिलं आहेत आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिने जाहिरातीवर ९ लाख खर्च केलेत. डब्यावर छापलंय, ‘आमचा रसदार हापूस पल्प’.

दोन्ही ऑब्जेक्शन्सची एकच खिचडी

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. ‘आमचा मार्क रसधारापेक्षा वेगळा आहे म्हणून तो वर्णनात्मक नाही’, हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की आता पेन आपोआप गोल काढतं. अरे, कलम ९ मध्ये दुसरा मार्क येतच नाही. तिथे फक्त शब्द आणि माल, हा शब्द त्या मालाचा गुण सांगतो का, बस्स. जगात दुसरा कुठलाही मार्क नसता तरी हे ऑब्जेक्शन आलं असतं. कलम ११ मध्ये मात्र तुलनाच तुलना. आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही: समोरच्याने कलम ११(४) खाली संमती दिली तरी शब्द वर्णनात्मकच राहतो, आणि वापराने शब्दाला ओळख मिळाली म्हणून कलम ११ आपोआप सुटत नाही. दोन वेगळे भाग करून लिहा.

‘डिक्शनरीत नाही म्हणजे कॉइन्ड वर्ड’

इंग्रजी डिक्शनरीत नसेल, पण पल्प विकत घेणाऱ्याला रसदार म्हणजे काय ते सांगावं लागत नाही ना. शब्द देशी भाषेतला असला आणि रोमन अक्षरांत लिहिला तरी अर्थ तोच पोचतो. स्पेलिंग मोडूनही सुटका नाही, मॅरिको विरुद्ध ॲग्रो टेक मध्ये दिल्ली हायकोर्टाने २०१० साली ‘लोसॉर्ब’कडे ‘लो ॲब्झॉर्ब’चं थोडं बदललेलं रूप म्हणूनच बघितलं. तेव्हा ‘हा शब्द सूचक आहे, ग्राहकाला विचार करावा लागतो’ हा मुद्दा एका ओळीत मांडा हवं तर, पण तो इथे पडणार हे पण लिहा, आणि कलम ९ च्या परंतुकाकडे वळा.

चुकीच्या तारखेचा पुरावा

परंतुक म्हणतं, अर्जाच्या तारखेच्या आधी वापरामुळे मार्कला वेगळी ओळख मिळाली असेल तर नाकारता येणार नाही. अर्जाच्या आधी! म्हणजे जून २०२३ च्या आधी. ऑगस्टची ९ लाखांची जाहिरात परीक्षकाने मुद्दाम टाकलेली असते आणि निम्मा वर्ग त्यावर पानभर लिहितो. काही हुशार लोक कलम ३२ आणतात, पण ते रजिस्ट्रेशन झाल्यावर त्याच्या वैधतेला कोणी आव्हान दिलं तर कामाचं, इथे मार्क अजून रजिस्टरच झालेला नाही.

उरली बिलं. पाच वर्षांची बिलं विक्री दाखवतात, पण लोक ‘रसदार’ म्हटल्यावर तिचाच डबा समजतात का, हे त्यातून कळत नाही. आणि मग ते लेबल. ‘आमचा रसदार हापूस पल्प’ यात तिनेच तो शब्द विशेषण म्हणून वापरलाय, म्हणजे स्वतःच्या डब्यावर स्वतःविरुद्ध साक्ष. माझ्या मते या प्रश्नात कलम ९ वर बाई बहुतेक हरते. हे स्पष्ट लिहायला घाबरू नका, सल्ला मागितलाय, वकिलीपत्र नाही.

क्लास नंबरवरून निकाल

‘क्लास २९ आणि ३२ वेगळे म्हणून माल वेगळा’, नाही. क्लास म्हणजे प्रशासकीय सोय. नंदिनी डिलक्स केस (२०१८) मध्ये उलटं होतं, क्लास एक असूनही सुप्रीम कोर्ट म्हणालं की तेवढ्यावरून माल सारखा ठरत नाही. हेच दुसऱ्या बाजूनेही लागू. आंब्याचा पल्प आणि आंब्याचा ज्यूस कोण घेतं, कुठल्या दुकानात, कुठल्या फळीवर, कशासाठी, हे विचारा. एकच किराणा दुकान, एकच गिऱ्हाईक. माल सारखाच.

शब्द फोडून तुलना

‘रस कॉमन आहे, तो काढला की दार आणि धारा उरतात, एक प्रत्यय आणि एक प्रवाह’, असं लिहिणारे भाषेच्या पेपरात चमकतील. अमृतधारा केस (१९६३) मध्ये अगदी हाच युक्तिवाद झाला होता, अमृताची धारा वेगळी आणि लक्ष्मणाची धारा वेगळी. सुप्रीम कोर्टाने तो मानला नाही. सरासरी बुद्धीचा, बेसावध, अर्धवट आठवण असलेला गिऱ्हाईक शब्दांची फोड करत बसत नाही, त्याला एकूण आवाज आठवतो. (त्याच केसमध्ये शेवटी खास परिस्थितीमुळे लक्ष्मणधाराला फक्त उत्तर प्रदेशापुरतं रजिस्ट्रेशन मिळालं, हे विसरून केस अर्धीच लिहितात.)

पण ‘रस’ वर्णनात्मक आहे म्हणून त्याला वजन कमी, हा मुद्दा मात्र खरा आहे, तो सोडू नका. आपल्या कानाला द आणि ध स्पष्ट वेगळे, रोमन स्पेलिंगमध्ये मात्र मधे एक एच आणि शेवटी एक ए, संपलं. शब्दांची लांबी आणि शेवट वेगळे आहेत हे अर्जदाराच्या बाजूने, माल सारखा असणं तिच्या विरुद्ध. दोन्ही लिहून मग एक बाजू घ्या, मी गोंधळ होईल असंच म्हणेन.

कलम ३४ विसरणं

इथेच खरा गेम आहे. लोक प्रायर यूज फक्त पासिंग ऑफमध्ये आठवतात. पण कलम ३४ सांगतं की समोरच्याच्या वापराच्या आणि रजिस्ट्रेशनच्या, दोन्हीच्या आधीपासून तुमचा सलग वापर असेल आणि तो सिद्ध झाला, तर केवळ त्याच्या रजिस्ट्रेशनमुळे रजिस्ट्रार तुम्हाला नाकारू शकत नाही. रजिस्ट्रेशनची तारीख कलम २३ प्रमाणे अर्जाच्या दिवसापासून धरतात, म्हणजे नोव्हेंबर २०२०, आणि समोरच्याचा वापर तर तेव्हा सुरूही नव्हता. बाई २०१८ ची. ज्या बिलांनी कलम ९ ला दगा दिला तीच इथे सोन्यासारखी, फक्त ॲफिडेव्हिटसोबत लावा आणि मधे खंड नाही हे दाखवा. कलम १२, म्हणजे प्रामाणिक समांतर वापर, पर्यायी म्हणून खाली ठेवा.

म्हणजे कलम ११ सुटतं, कलम ९ अडकवतं, आणि मार्क तरीही नाकारला जाऊ शकतो. उत्तर ३० दिवसांत द्यायचंय, नाकारलं तर कलम ९१ खाली तीन महिन्यांत अपील, आणि ते हायकोर्टात. आधी ही अपिलं ऐकणारं आयपीएबी २०२१ मध्येच बंद झालंय, अजूनही पेपरात जिवंत असतं.