पोह्यांच्या बशीसोबतचे बिनप्रश्नाचे अभिवादन

नाशिकमध्ये आमच्या घरी पावणेसातला पोहे टेबलावर येतात आणि सव्वासातला दहावीतला मुलगा शाळेच्या रिक्षात बसतो. किशोरवयात मेलाटोनिन हे झोपेचे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते, झोपेची गरज मात्र 8 ते 10 तासांची असते, शिवाय जाग आल्यावरही काही काळ मेंदूवर झापड राहते. त्यामुळे या वेळी त्याच्याकडून प्रसन्न ‘सुप्रभात’ची अपेक्षा मी सोडून दिली.

आता तो आला की, चेहरा न निरखता, ‘आलास? पोहे गरम आहेत,’ एवढेच म्हणून मी बशी पुढे सरकवते. या वाक्याला उत्तर द्यावे लागत नाही, हाच त्याचा गुण. ‘झोप झाली का’, ‘उजळणी झाली का’ हे प्रश्न, कितीही मायेने विचारले तरी, त्या क्षणी त्याला चौकशीसारखे वाटतात. म्हणून डबा, वह्या आणि रिक्षाचे पैसे यांचा विषय आम्ही रात्रीच उरकतो. नुसता हुंकार आला, तरी तो मी उत्तर म्हणून स्वीकारते. सासूबाईंना ‘तोंड का पाडलंयस?’ न विचारण्याची विनंती करणे सर्वांत अवघड गेले.

चाचणी परीक्षेच्या सकाळीही मी अभ्यासाचा विषय काढला नाही. अर्धे पोहे झाल्यावर तोच म्हणाला, ‘लिंबू आहे का? आज रसायनशास्त्र आहे.’ मी लिंबू दिले, सल्ला दिला नाही.

मात्र सुटीच्या दिवशी पुरेशी झोप होऊनही संध्याकाळपर्यंत चिडचिड राहिली, मित्र व जेवण नकोसे झाले आणि हे आठवडेच्या आठवडे चालले, तर ती सकाळची कुरकुर नव्हे. तेव्हा डॉक्टरांकडे जावे.