मधोमध शून्य का आलं?

फोंड्यात पावसाने लाईट गेली, म्हणून ४×४ चित्राचा डीएफटी, म्हणजे चित्राची वेगवेगळ्या वारंवारतांमध्ये फोड, वहीतच काढायला घेतला. चित्रात मधले चार पिक्सेल १, बाकी ०.

आधी ओळी. वरची आणि खालची ओळ शून्यच राहते. मधल्या दोन्ही `[0 1 1 0]`. त्यांचा डीएफटी `[2, -1-j, 0, -1+j]`. मग याच निकालाचे स्तंभ. पहिला स्तंभ `[0 2 2 0]`, त्यातून `[4, -2-2j, 0, -2+2j]` आलं. तिसरा स्तंभ सगळा शून्य, तिथे हात चालवायचीही गरज नाही.

मग मधली किंमत `F(2,2)` वाचली तर शून्य! मला वाटलं, तिथे सगळ्या पिक्सेलची बेरीज ४ यायला हवी होती. तासभर चिन्हं तपासली, उगाच. गणित बरोबर होतं, मी चुकीच्या घरात बघत होतो. बेरीज `F(0,0)` या कोपऱ्यात असते. `F(2,2)` बुद्धिबळाच्या पटासारखी उलटसुलट चिन्हं लावून केलेली बेरीज, `1-1-1+1`.

म्हणून बेरीज मधोमध आणायला प्रत्येक पिक्सेलला आधी `(-1)^(x+y)` ने गुणलं. मधल्या दोन ओळी `[0 1 -1 0]` आणि `[0 -1 1 0]` झाल्या, आणि पुन्हा ओळी-स्तंभ केल्यावर मधोमध ४ आले. त्याला १६ ने भागलं की ०.२५, चित्राची सरासरी.