कटलेट तव्यात फुटू नयेत म्हणून

संध्याकाळी सहाला कटलेट तळायची असतील तर बटाटे सकाळीच उकडून ठेवा. अर्धा किलो बटाटा घ्या, पण जुना. नव्या बटाट्याची साल नखाने सहज सुटते, त्यात पाणी जास्त असतं आणि सारण चिकट होतं. बटाटे चिरू नका, सालासकट अख्खेच उकडा. कुकरच्या भांड्यात बटाट्यांवर पाणी घालायची गरज नाही, खालच्या पाण्याची वाफ पुरते. शिट्ट्या झाल्या, कुकरची वाफ जिरली की लगेच बाहेर काढा, गरम असतानाच सोला आणि ताटात मोकळे पसरा. झाकण मात्र घालू नका, वाफेचं पाणी परत बटाट्यातच मुरतं. गार झाले की दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. गारव्याने बटाट्यातला स्टार्च घट्ट होतो. मग किसणीवर किसा. मिक्सरला लावलात तर त्याची खळ होते आणि ती मग कशानेच सुधारत नाही.

भाज्यांकडे तेवढंच लक्ष हवं. अर्धी वाटी मटार उकडून चाळणीत निथळा आणि कापडावर कोरडे करा. गाजराचा कीस कढईत परतून त्याचं पाणी आटवा. कच्चा कांदा मी घालत नाही, मीठ लागलं की तो पाणी सोडतो. मीठही अगदी शेवटी, वळायच्या आधी घाला.

आता बांधणी. सारण हाताला सैल लागलं की आपण कॉर्नफ्लॉवर घालतो आणि तरीही ते घट्ट होत नाही, म्हणून आणखी घालतो. कॉर्नफ्लॉवर पाणी धरतं ते तापल्यावर, थंड सारणात ते नुसतं मिसळून राहतं. सैल सारणाला पातळ पोह्यांची पूड लागते. अर्धा किलो बटाट्याला पाव वाटी पुरते. पोहे कोरडे भाजून मिक्सरवर फिरवा, सारणात मिसळा आणि दहा मिनिटं थांबा, पोहे पाणी ओढून घेतील. कॉर्नफ्लॉवर एक चमचा घाला, तो तव्यावर कामाला येतो. पोह्यांऐवजी भाजलेलं राजगिऱ्याचं पीठही चालतं.

थोडं सारण घेऊन तळहातावर दाबा. हाताला चिकटलं तर अजून एक चमचा पूड हवी. कडेला भेगा पडल्या तर पूड जास्त झाली, मग ओल्या हाताने मळा. सगळी वळण्याआधी एकच कटलेट तळून बघा. ते फुटलं तर बाकीचं सारण अजून हातात असतं.

वळलेली कटलेट अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, रव्यात घोळवा आणि तेल नीट तापल्यावरच तव्यात सोडा. खालची बाजू सोनेरी होऊन कटलेट आपणहून सुटेपर्यंत उलथनं लावू नका.