औषधं सुरू झाल्यापासून पाळी बिघडली? या चुका टाळा

समजा, 29 वर्षांची एक बाई जानेवारीपासून रिस्पेरिडोन ही मनोविकारावरची गोळी घेते. मार्चनंतर तिला पाळीच आलेली नाही आणि छाती दाबली की पांढरा थेंब येतो. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे ती फक्त 'पाळी चुकते' एवढंच सांगते. मनोविकाराच्या गोळ्यांचा विषय काढायला तिला संकोच वाटतो. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

मेंदूतलं डोपामिन प्रोलॅक्टिन या संप्रेरकाला लगाम घालून ठेवतं. रिस्पेरिडोन, अमिसल्प्राइड, हॅलोपेरिडॉल ही औषधं डोपामिनचं काम अडवतात. मग प्रोलॅक्टिन चढतं, बीज सुटणं थांबतं, पाळी बंद होते आणि कधी दूधही येतं. अशात पाळी आणायच्या गोळ्या दिल्या तर रक्तस्राव होईलही, पण मूळ कारण तसंच राहतं. त्याहून वाईट म्हणजे, रिपोर्टमध्ये प्रोलॅक्टिन वाढलेलं पाहून ते कमी करणारं कॅबरगोलिन हे औषध दिलं जाऊ शकतं. ते डोपामिनसारखंच काम करत असल्याने मूळ आजार उसळण्याचा धोका असतो. म्हणून दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं माहीत हवीत. पोटासाठी घेतलेली डोमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइडही यादीत लिहा, तीही प्रोलॅक्टिन वाढवतात.

दुसरी चूक म्हणजे गोळी परस्पर बंद करणं. तसंच पाळी नाही म्हणजे दिवस राहणारच नाहीत, हा समजही चुकीचा. औषध बदललं की पहिली पाळी येण्याआधीच बीज सुटू शकतं. आणि आत्ता पाळी चुकली आहे, तर आधी गर्भधारणेची चाचणी करा.

मनोविकारतज्ज्ञांना असं सांगा: 'डॉक्टर, जानेवारीत ही गोळी सुरू झाली, मार्चपासून पाळी नाही, छातीतून स्राव येतो. प्रोलॅक्टिन तपासायचं का? डोस कमी करता येईल का, की दुसरी गोळी चालेल?' आजार स्थिर असेल तर डॉक्टर डोस कमी करू शकतात, अ‍ॅरिपिप्राझोलसारखं औषध जोडू शकतात किंवा गोळी बदलू शकतात. सोबत थायरॉइडही तपासतात. डोकेदुखी किंवा नजरेत फरक जाणवत असेल तर तो न विसरता सांगा. महिनोन्‌महिने पाळी बंद राहिली तर हाडंही ठिसूळ होतात, त्यामुळे 'बरंच झालं, कटकट गेली' म्हणून सोडून देऊ नका.

रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिन, रिव्हारॉक्सॅबानसारख्या गोळ्यांचं उलटं असतं, त्यांनी पाळीत रक्तस्राव वाढतो. सर्ट्रालिनसारख्या नैराश्यावरच्या गोळ्यांनीही कधीकधी तो वाढतो, आणि जोडीला पोटदुखीसाठी आयबुप्रोफेन घेतली तर जठर-आतड्यांत रक्तस्राव होण्याचा धोकाही वाढतो. इथे 'जास्त जातं' म्हणून भागत नाही. किती तासांनी पॅड बदलावं लागतं, गाठी पडतात का, रात्री उठावं लागतं का, हे लिहून न्या. तासाला एक पॅड भिजत असेल किंवा चक्कर येत असेल, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.