कॅनडाच्या अर्जातील प्रमाणपत्रांच्या तारखा कशा मोजाव्यात

कॅनडाच्या कायम वास्तव्यासाठी एक्सप्रेस एंट्रीतून अर्ज करताना सगळी प्रमाणपत्रे एकाच वेळी काढू नयेत, कारण प्रत्येकाची मुदत वेगळ्या दिवसापासून मोजली जाते. समजा, एक परिचारिका 2019 ते 2022 दुबईत राहून आता नाशिकला आली आहे. भारतात ती सध्या राहत असल्यामुळे पासपोर्ट सेवेतून मिळणारे पोलीस प्रमाणपत्र अर्ज सादर करण्यापूर्वीच्या 6 महिन्यांतलेच असावे लागते. दुबईचे प्रमाणपत्र मात्र तेथील वास्तव्य संपल्यानंतर दिलेले असले आणि ती पुन्हा तिथे राहायला गेली नसली, तर जुने झाले तरी चालते. अनेकजण ते उगाच पुन्हा काढतात आणि त्यात वेळ व पैसा दोन्ही जातात.

वैद्यकीय तपासणी साधारणपणे 12 महिने ग्राह्य धरली जाते, पण ही मुदत अर्जाच्या नव्हे, तर तपासणीच्या तारखेपासून धावते. मंजुरीनंतर कॅनडात पोहोचण्याची अंतिम तारीखही बहुधा तिच्यावरच ठरते. म्हणून तपासणी मार्चमध्ये झाली आणि मंजुरी डिसेंबरमध्ये आली, तर नोकरीचा राजीनामा आणि प्रवास यांसाठी जेमतेम तीन महिने उरतात.